समुद्राचं आम्लीकरण आणि शिंपल्यांचं नुकसान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सागरी विज्ञानाचा हा भाग मी जळगाव जिल्ह्यातल्या वर्गात शिकवतो. समोर बसलेली मुलं चोपडा, रावेर, शहादा, अमळनेरची. बहुतेकांनी समुद्र एकदाच, सहलीत पाहिलेला. त्यामुळे प्रश्न येतात ते विहिरीच्या पाण्यावरून, मातीच्या तपासणीवरून, ठिबकवरून. मला ते बरंच वाटतं, कारण शिंपल्याचं आणि ठिबकच्या ड्रिपरमध्ये साचणाऱ्या पांढऱ्या थराचं रसायन एकच आहे. दरवर्षी तेच प्रश्न फिरून येतात, म्हणून उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत.

सर, "समिंदर आंबट व्हई गया का?"

नाही, आणि पुढच्या कित्येक शतकांत होणारही नाही. आंबट म्हणजे सामू ७ च्या खाली. माती परीक्षणाच्या पत्रिकेवर "सामू" असा रकाना असतो, तोच हा पीएच. औद्योगिक काळ सुरू होण्याआधी समुद्राच्या पृष्ठभागाचा सरासरी सामू साधारण ८.२ होता, आज तो ८.१ च्या आसपास आहे. म्हणजे समुद्र अजून अल्कलीच आहे. फक्त सामू आम्लाच्या दिशेने सरकतो आहे, आणि "आम्लीकरण" हा शब्द त्या सरकण्याला आहे. केन काल्डेरा आणि मायकल विकेट यांनी २००३ साली हा शब्द वापरल्यावर तो रूढ झाला. शब्द थोडा फसवा आहे हे मला मान्य आहे, पण आता तो बदलणार नाही.

०.१ चा फरक ऐकून हसू नका. सामूची मोजपट्टी साधी नाही, ती दहाच्या घातांची आहे. ८.२ ला हायड्रोजन आयनांचं जे प्रमाण असतं, त्यापेक्षा ८.१ ला ते सुमारे २६ टक्के जास्त असतं. कॅल्क्युलेटरवर १० चा ०.१ वा घात काढून बघा, १.२६ येईल.

म्हणजे ठिबकला ॲसिड देतो, तसंच समुद्रात होतंय का?

अर्ध बरोबर, अर्ध चूक. चुकीचा अर्धा भाग जास्त महत्त्वाचा आहे.

बरोबर काय, ते आधी. केळीच्या बागेत बोअरचं जड पाणी ठिबकमधून जातं. त्या पाण्यात कॅल्शियम आणि बायकार्बोनेट भरपूर असतं. ड्रिपरच्या तोंडाशी पाणी हवेत येतं, त्यातला कार्बन डायऑक्साइड उडतो, थोडं पाणी वाळतं, आणि मागे पांढरा थर राहतो. तो थर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. शिंपला, कवडी, प्रवाळ आणि पानाला लावायच्या चुन्याची मूळ चुनखडी, सगळं हेच द्रव्य. मग तुमचे वडील हायड्रोक्लोरिक ॲसिड सोडतात, नळीतल्या पाण्याचा सामू ४ च्या आसपास आणतात, रात्रभर ठेवतात आणि सकाळी नळ्यांची टोकं उघडून धुऊन काढतात. थर विरघळतो.

आता चूक काय. ८.१ पासून ४ पर्यंत खाली येणं म्हणजे हायड्रोजन आयन दहा हजार पटींहून जास्त वाढणं. समुद्रात तसं काही होत नाही. शिंपला ॲसिडमध्ये बुडवल्यासारखा फसफसत नाही. व्हिनेगरमध्ये शिंपला टाकून बुडबुडे दाखवायचा प्रयोग फार लोकप्रिय आहे, पण मी तो वर्गात करत नाही. त्यामुळे "समुद्राचं ॲसिड कवच खातं" हे चित्र डोक्यात घट्ट बसतं आणि खरी गोष्ट निसटते. खरी गोष्ट अशी, की कवच बांधायला लागणारा माल पाण्यातून कमी होतो आणि बांधायची मजुरी वाढते.

कार्बन डायऑक्साइड पाण्यात गेल्यावर नेमकं काय होतं?

हवेतला वायू पृष्ठभागावरून पाण्यात विरघळतो. त्यातला थोडा पाण्याशी संयोग पावून कार्बॉनिक आम्ल होतो. ते आम्ल एक हायड्रोजन आयन सोडून बायकार्बोनेट होतं. बायकार्बोनेटने आणखी एक सोडला की कार्बोनेट.

```
CO2 + H2O ⇌ H2CO3 ⇌ H+ + HCO3- ⇌ 2H+ + CO3^2-
```

इथे वर्गातले निम्मे जण एक निष्कर्ष काढतात: डावीकडून कार्बन डायऑक्साइड वाढवला, तर उजवीकडे कार्बोनेटही वाढेल. तसं होत नाही. सगळे बाण दुहेरी आहेत. नव्या आम्लाने सोडलेला हायड्रोजन आयन मोकळा फिरत बसत नाही, समोर दिसेल त्या कार्बोनेटला पकडतो आणि त्याचं बायकार्बोनेट करतो. त्यामुळे गोळाबेरीज अशी होते:

```
CO2 + CO3^2- + H2O → 2 HCO3-
```

एक कार्बन डायऑक्साइड आत आला, एक कार्बोनेट खर्ची पडलं, दोन बायकार्बोनेट तयार झाली. या पानावरचं एकच समीकरण पाठ करायचं असेल तर हे करा.

हे डोळ्यांनी दाखवता येईल का?

येईल, आणि घरच्या सामानात. खाण्याचा चुना पाण्यात ढवळून रात्रभर ठेवा. वरची नितळ निवळी अलगद काढून घ्या. तिच्यात नळीने फुंकर मारत राहा. (फुंकायचं, ओढायचं नाही. निवळी घशात गेली तर भाजते. डोळ्यांवर चष्मा हवा.) उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे निवळी दुधाळ होते, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण तयार झाले. इथपर्यंत दहावीपर्यंतच्या पुस्तकात असतं.

आमचा प्रयोग त्यानंतर सुरू होतो. फुंकत राहिलात तर काही मिनिटांनी दूध फिकं पडतं आणि पाणी पुन्हा नितळ होतं. ज्या वायूने खडू तयार केला, त्याच वायूने जास्त झाल्यावर तो विरघळवला. कण गेले कुठे? कॅल्शियम आणि बायकार्बोनेट होऊन पाण्यात मिसळले. वरच्या समीकरणाची ही उघड्या डोळ्यांनी दिसणारी आवृत्ती. आता तेच नितळ पाणी वाटीत घेऊन उकळा. वायू उडेल आणि वाटीच्या काठाला पांढरट कड येईल. तुमच्या गिझरमध्ये आणि ड्रिपरमध्ये होतं ते हेच.

आमची निवळी दुधाळ झाली, पण परत नितळ झालीच नाही. काय चुकलं?

निवळी फार घट्ट घेतलीत. पूर्ण संपृक्त निवळीत चुना इतका असतो, की त्यातून होणारा सगळा कार्बोनेट विरघळवायला उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड पुरत नाही. आपल्या फुंकरीत तो साधारण ४ टक्केच असतो. तासभर फुंकलं तरी ग्लास पांढराच राहतो, गालफडं मात्र दुखतात. एक भाग निवळी आणि नऊ भाग पाणी घ्या. पाणी शुद्ध, म्हणजे बॅटरीत घालतात ते. बोअरचं घेतलंत तर त्यातल्या बायकार्बोनेटमुळे फुंकण्याआधीच गढूळ होईल. पातळ निवळी दुधाळ कमी दिसते, म्हणून ग्लासामागे काळा कागद धरा.

पण कार्बन वाढतो आणि कार्बोनेट घटतो, हे पटत नाही. हिशेब दाखवा.

घ्या वही. उष्ण कटिबंधातलं पृष्ठभागाचं पाणी धरू, तापमान २५ अंश, क्षारता, म्हणजे पाण्याची आम्ल झेलायची ताकद, नेहमीची. एकक मायक्रोमोल प्रति किलो. आकडे समतोल स्थिरांकांवरून मी काढले आहेत आणि गोल केले आहेत.

हवेत कार्बन डायऑक्साइड २८० पीपीएम असताना, म्हणजे औद्योगिक काळाआधी, त्या पाण्यात विरघळलेला वायू होता ८, बायकार्बोनेट १६७०, कार्बोनेट २६७. एकूण कार्बन १९४५.

हवेत ४२० पीपीएम झाल्यावर तेच पाणी: वायू १२, बायकार्बोनेट १८१६, कार्बोनेट २१०. एकूण २०३८.

आता वजाबाकी. पाण्यात ९३ कार्बन नवा आला. त्यातला वायूच्या रूपात राहिला जेमतेम ४. बायकार्बोनेट १४६ ने वाढलं, म्हणजे आलेल्यापेक्षाही जास्त. कसं? कारण ५७ कार्बोनेटही बायकार्बोनेट होऊन त्यात जमा झालं. ८९ नवे आणि ५७ जुने, मिळून १४६. हिशेब चोख जुळतो.

"मग ८९ वायूंना ८९ कार्बोनेट का नाही लागलं?" हे विचारणारा वर्षाला एखादाच निघतो, त्याला मी शाबासकी देतो. उरलेले हायड्रोजन आयन मुख्यतः बोरेट झेलतं. समुद्रात बोरॉन थोडा असतो, पण या कामात हातभार लावतो.

याचा सोपा ठोकताळा आहे का?

आहे, आणि पुढे कामाला येणार आहे. पाण्याची क्षारता ढोबळमानाने बायकार्बोनेट अधिक दोनदा कार्बोनेट इतकी असते, कारण कार्बोनेट दोन हायड्रोजन आयन झेलू शकतं. एकूण कार्बन म्हणजे बायकार्बोनेट अधिक एकदा कार्बोनेट. पहिल्यातून दुसरं वजा करा, उरतं कार्बोनेट.

कार्बोनेट ≈ क्षारता − एकूण कार्बन.

बोरेट सोडून दिल्यामुळे आकडा अचूक येत नाही, पण दिशा कधी चुकत नाही. कार्बन डायऑक्साइड पाण्यात शिरला की एकूण कार्बन वाढतो, क्षारता मात्र तशीच राहते, कारण वायूवर विद्युतभार नसतो. वजाबाकी घटते, कार्बोनेट घटतं.

संपृक्तता म्हणजे काय? ओमेगा, ओमेगा सगळे म्हणतात.

कॅल्शियम आणि कार्बोनेट यांचा गुणाकार करा आणि त्या खनिजाच्या विद्राव्यता गुणाकाराने भागा. येतो तो ओमेगा. ओमेगा १ म्हणजे खनिज ना विरघळेल ना जमेल. १ च्या वर असेल तर जमायला अनुकूल, खाली असेल तर उघडं खनिज विरघळणार.

कॅल्शियम कार्बोनेटचे स्फटिक समुद्रात मुख्यतः दोन प्रकारचे: कॅल्साइट आणि ॲरागोनाइट. द्रव्य एकच, मांडणी वेगळी. ॲरागोनाइट सुमारे दीडपट जास्त विद्राव्य आहे, म्हणून पाणी बिघडलं की पहिला फटका त्याला बसतो. प्रवाळ ॲरागोनाइटचे, आणि बहुतेक शिंपल्यांच्या अगदी कोवळ्या पिल्लांचं पहिलं कवचही त्याचंच.

वरच्याच पाण्याचा ओमेगा काढू. समुद्रात कॅल्शियम सुमारे १०,३०० मायक्रोमोल असतं, कार्बोनेटच्या तुलनेत इतकं जास्त की ते जवळपास स्थिर धरायचं. २५ अंशांना ॲरागोनाइटचा विद्राव्यता गुणाकार सुमारे ६.५ × १०⁻⁷, पण तो मोलमध्ये आहे, म्हणून मायक्रोमोलचे आधी मोल करून घ्या. कार्बोनेट २६७ असताना ओमेगा ४.२, आणि २१० असताना ३.३. सगळा खेळ कार्बोनेटच्या आकड्यावर चालतो हे इथे दिसतं.

थंड पाण्यात कार्बन डायऑक्साइड जास्त विरघळतो, त्यामुळे ध्रुवाकडे हे आकडे मुळातच कमी. तिथे पडायला उंची थोडीच शिल्लक आहे.

आता बोअरच्या पाण्याकडे परत या. त्याचा सामू ७.५ असला, म्हणजे समुद्राहून कमी, तरी त्यातून थर जमतो. का? कॅल्शियम आणि बायकार्बोनेट दोन्ही खूप, विद्राव्यता समुद्राच्या खारट पाण्यापेक्षा कमी, आणि ड्रिपरशी वायू उडून जातो. म्हणून नुसत्या सामूवरून कवचाचं भवितव्य सांगू नका. विचारायचं ते ओमेगाला.

बायकार्बोनेट तर वाढतंय. प्राणी त्याच्यापासूनच कवच का बनवत नाहीत?

पुष्कळसे बनवतात. सजीव काही बाहेरचं पाणी जसंच्या तसं वापरत नाही. कवच जिथे घडतं, त्या बंदिस्त जागेत पेशी कॅल्शियम आणि बायकार्बोनेट आणतात. पण बायकार्बोनेटमधून कार्बोनेट काढायचं तर एक हायड्रोजन आयन उरतो:

```
Ca^2+ + HCO3- → CaCO3 + H+
```

तो तिथेच राहिला तर नुकतंच घडलेलं विरघळवेल. म्हणून पेशी तो पंपाने बाहेर टाकतात, आणि पंप ऊर्जेवर चालतो. बाहेरच्या पाण्यात हायड्रोजन आयन आधीच वाढलेले असतील, तर हे काम चढावर पाणी ओढण्यासारखं होतं. विहिरीची पातळी खाली गेली की मोटार तीच, पाणी तेवढंच, पण वीजबिल वाढतं, हे खान्देशात कुणाला समजावून सांगायला नको. ऊर्जा तिकडे गेली की वाढीला कमी पडते.

प्रत्यक्ष नुकसान झाल्याचं एखादं उदाहरण सांगा. अंदाज नको.

अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात नेटार्ट्स नावाच्या उपसागराच्या काठी व्हिस्की क्रीक नावाची हॅचरी आहे. ती पॅसिफिक कालवांची पिल्लं वाढवून पश्चिम किनाऱ्यावरच्या शेतकऱ्यांना पुरवते. (कालव म्हणजे खडकाला चिकटून राहणारा खाण्याचा शिंपला. कोकणात कालवं सगळ्यांना ठाऊक, आपल्याकडे शब्द सांगावा लागतो.) आपल्याकडे केळीची टिश्यूकल्चर रोपं जशी प्रयोगशाळेतून येतात, तसाच तो व्यवहार. रोप तयार करणाऱ्याचं बिघडलं की पुढच्या सगळ्यांची लागवड अडते.

२००७ पासून तिथल्या टाक्यांमध्ये अळ्या मरू लागल्या. कालवाची अळी डोळ्याला दिसणारही नाही इतकी लहान असते आणि पाण्यात पोहत असते. आधी संशय गेला व्हिब्रिओ ट्युबिॲशाय नावाच्या जिवाणूवर. तो शिंपल्यांच्या अळ्यांचा जुना शत्रू, आणि पाण्यात सापडलाही होता. पाणी शुद्ध करणारी यंत्रणा बसवली, जिवाणू आटोक्यात आला, तरी अळ्या मरतच राहिल्या. तेव्हा शंका पाण्याच्या रसायनावर गेली.

उन्हाळ्यात त्या किनाऱ्यावर उत्तरेकडून वारे वाहतात. ते पृष्ठभागाचं पाणी किनाऱ्यापासून बाहेर लोटतात आणि त्याच्या जागी खोलवरचं थंड पाणी वर येतं. ते पाणी कित्येक वर्षं अंधारात राहिलेलं असतं. वरून पडणारा मृत जैव माल तिथे कुजत असतो, त्यामुळे त्यात कार्बन डायऑक्साइड मुळातच जास्त. हे चक्र नैसर्गिक आहे, पूर्वीही होतं. पण ते पाणी शेवटचं पृष्ठभागावर असताना त्याने हवेतला माणसाने सोडलेला वायूही शोषलेला होता. आधीच काठाशी असलेल्या पाण्याला तेवढा धक्का पुरला.

ओरेगॉन स्टेट विद्यापीठाचे बर्क हेल्स आणि हॅचरीतच काम करणारे ॲलन बार्टन यांनी मोजमापं घेतली, आणि २०१२ साली बार्टन व सहकाऱ्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला. अंडी फलित झाली तेव्हा टाकीतल्या पाण्याचा ॲरागोनाइट ओमेगा जितका कमी, तितकं त्या खेपेचं पुढचं उत्पादन कमी. मृत्यू मात्र त्या दिवशी दिसत नव्हता. अळी जगायची, खायची, पण वाढायची नाही, आणि पुढे काही दिवसांनी मरायची. म्हणूनच कारण सापडायला इतका वेळ लागला. मेलेल्या दिवसाचं पाणी तपासून काही कळत नव्हतं, कारण दोष जन्मदिवसाच्या पाण्यात होता.

पहिल्याच दिवसाला एवढं महत्त्व का?

कारण पहिलं कवच साधारण पहिल्या दोन दिवसांत बांधायचं असतं, तेही प्रचंड घाईने. तेवढ्या वेळात अळीच्या वजनाचा सुमारे ९० टक्के भाग कॅल्शियम कार्बोनेटचा होतो. या काळात तिला अजून नीट खाता येत नाही, अंड्यातून मिळालेली शिदोरी तेवढीच जवळ असते. शिवाय कवच घडण्याची जागा तेव्हा बाहेरच्या पाण्यापासून पुरती बंद झालेली नसते. मोठ्या कालवाला आडोसा असतो, अळी उघड्यावर बांधकाम करते.

पाण्यात कार्बोनेट कमी असेल तर तोच वेग राखायला शिदोरी जास्त लागते. कवच पूर्ण होतं, पण खाणं सुरू करण्यापुरती ताकद उरत नाही.

पण तिथे ओमेगा १ च्या वर होता ना? मग विरघळलं काय?

काहीच विरघळलं नाही, आणि हाच मुद्दा सुटतो. बऱ्याच खेपा ओमेगा १ च्या वर असतानाच फसल्या. १ ही रेषा स्फटिकाच्या विरघळण्याची आहे, जिवाच्या जगण्याची नाही. ओमेगा उतरत गेला की कवच जमायचा वेग १ च्या खूप आधीपासून मंदावतो. ज्याच्याकडे दोनच दिवस आहेत, त्याला वेग मंदावणंच पुरेसं घातक.

यात दोषी नेमका कोण, हायड्रोजन आयन, विरघळलेला वायू की कार्बोनेटची कमतरता, असा वाद होता, कारण समुद्रात तिन्ही एकत्रच बदलतात. जॉर्ज वाल्डबसर आणि सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत पाण्याची क्षारता आणि कार्बन वेगवेगळे हलवून हे तिघे सुटे केले. २०१५ मध्ये त्यांनी दाखवलं की पॅसिफिक कालव आणि भूमध्य मसल नावाचे कालवासारखेच दुहेरी शिंपले, यांच्या अळ्यांचं पहिलं कवच संपृक्ततेवर ठरतं, सामूवर किंवा वायूच्या दाबावर नाही.

हॅचरीने उपाय काय केला?

दोन. पहिला फुकटचा. उपसागरात समुद्रगवत आहे. दिवसा ते प्रकाशसंश्लेषणात कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, रात्री सगळे जीव श्वसनातून तो सोडतात. त्यामुळे पहाटेचं पाणी सगळ्यात वाईट आणि दुपारचं सगळ्यात चांगलं. टाक्या दुपारी भरायला सुरुवात केली.

दुसरा, आत येणाऱ्या पाण्यात सोडियम कार्बोनेटचं द्रावण थेंब-थेंब सोडायचं. म्हणजे आपला धुण्याचा सोडा! मोजणारं यंत्र सतत चालू ठेवायचं आणि पाणी बिघडेल तसा सोडा वाढवायचा. ठिबकमधून खत सोडतात तसंच हे, फक्त इथे खताऐवजी सोडा. हजार लिटर पाण्याला १० ग्रॅमच्या आसपास सोडा टाकला तर कार्बोनेटची भर किलोमागे सुमारे १०० मायक्रोमोलची होते. वरचा आकडा आठवा, उष्ण कटिबंधातल्या आजच्या पाण्यात एकूण २१० आहे.

हा उपाय टाकीपुरताच. कालव मोठं व्हायला उपसागरात सोडलं की तिथे सोडा कोण घालणार?

खाण्याचा सोडा चालला नसता का? तो स्वस्त आणि निरुपद्रवी.

परीक्षेत हा प्रश्न मी आवडीने विचारतो. ठोकताळा लावा: कार्बोनेट ≈ क्षारता − एकूण कार्बन. खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. एक मोल टाकला की क्षारता १ ने वाढते, कार्बनही १ ने वाढतो. फरक शून्य. धुण्याच्या सोड्याने क्षारता २ ने वाढते, कार्बन १ ने. फरक +१. आणि कार्बन डायऑक्साइड: क्षारता ०, कार्बन १, फरक −१. तिन्ही ओळी वहीत एकाखाली एक लिहून ठेवा.

सगळ्याच कवचवाल्यांचं नुकसान होतं का?

नाही, आणि सरसकट तसं लिहिलंत तर गुण कापेन. जस्टिन राइस आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये १८ जाती वाढत्या कार्बन डायऑक्साइडमध्ये ठेवून पाहिल्या. त्यातल्या दहांचं कवच घडणं मंदावलं, पण खेकडा, लॉबस्टर यांच्यासारख्या काहींचं वाढलं. काहींचं कवच जाड सेंद्रिय पापुद्र्याखाली झाकलेलं असतं, काहींचे पंप जोरदार असतात. अर्थात जास्त कवच म्हणजे जास्त सुख असंही नाही, ती ऊर्जा कुठून तरी वळवलेली असते.

उलट टोकाला आहेत टेरोपॉड, पाण्यात तरंगणाऱ्या इवल्या गोगलगायी. कवच ॲरागोनाइटचं आणि कागदासारखं पातळ. दक्षिण महासागरात जिवंत टेरोपॉडांची कवचं विरघळू लागलेली नीना बेद्नार्शेक आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये नोंदवली. इथे मात्र "विरघळणं" हा शब्द खरोखर लागू होतो.

आपल्या पश्चिम किनाऱ्यावर असं काही घडतं का?

नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगतही खालचं पाणी वर सरकतं आणि त्यात ऑक्सिजन फार कमी असतो. ज्या कुजण्याने ऑक्सिजन संपतो, त्यानेच कार्बन डायऑक्साइड वाढतो, म्हणून कमी ऑक्सिजन आणि कमी सामू जोडीनेच येतात. ओरेगॉनसारखी घटना इथे झालीच असं त्यावरून ठरवू नका. आपल्याकडच्या जाती वेगळ्या, पाणी उबदार आणि ओमेगा मुळात जास्त.

आमच्याकडे माती तपासायचा सामू मीटर आहे. सहलीला नेऊन समुद्राचं आम्लीकरण मोजू का?

समुद्र बघा, भेळ खा, मीटर घरीच ठेवा. खिशातला मीटर ०.१ इतकाच धड सांगतो, आणि औद्योगिक काळापासूनचा सगळा बदलच ०.१ आहे. मागच्या वर्षी वर्गातल्या दोन मीटरांनी मिठाच्या एकाच पाण्याचे ८.० आणि ८.२ असे दोन आकडे दाखवले होते. शिवाय त्यांची जुळणी करायच्या बफर पुड्या गोड्या पाण्यासाठी असतात. समुद्राच्या खारट पाण्यात इलेक्ट्रोडचं वाचन सरकतं. त्यातून किनाऱ्यालगत एका दिवसात सामू ०.१ हून जास्त खालीवर होऊ शकतो, नेटार्ट्सच्या समुद्रगवतासारखाच. सकाळी दहाला मोजून "समुद्र बिघडला" म्हणणं म्हणजे जानेवारीच्या पहाटे थर्मामीटर बघून भुसावळचा उन्हाळा संपला म्हणण्यासारखं.

संशोधक मेटा-क्रेसॉल पर्पल हा रंगद्रव्याचा सूचक घालून वर्णपटमापकाने सामू मोजतात. आणि तोही एकटा पुरत नाही. सामू, क्षारता, एकूण कार्बन आणि वायूचा दाब, या चारपैकी कोणतेही दोन हवेत. तापमान आणि खारटपणासह ते दोन मिळाले की बाकीचे दोन आणि ओमेगा गणिताने निघतात. आपल्या प्रयोगशाळेत यातली क्षारता जमण्यासारखी आहे. ब्युरेटमधून सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिड, तेच ठिबकवालं पण शंभर पटींहून जास्त पातळ, थेंबाथेंबाने सोडायचं आणि सामू कुठे कोसळतो ते बघायचं. सुरुवात विहिरीच्या पाण्यापासून करा. येताना प्रत्येकाने आपापल्या गावच्या बोअरची एक बाटली आणावी, काठोकाठ भरून, वर हवा न ठेवता, आणि बूच पक्कं लावून. नाहीतर वाटेतच वायू उडेल आणि बाटलीच्या तळाला पांढरं बसेल.